मालकी ठरवून मिळण्याचा व निरंतर मनाईचा दावा (ताब्याची मागणी केव्हा आवश्यक)

स्थावर मिळकतीच्या मालकीवर कोणी हरकत घेतली, तर ‘मिळकत माझ्या मालकीची आहे असे ठरवून मिळावे’ अशी मागणी दिवाणी न्यायालयात करता येते. मालकीच्या या घोषणेचा आधार विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 चे कलम 34. प्रतिवादीने पुढे कधीही वहिवाटीत अडथळा आणू नये, ही निरंतर मनाई कलम 38 खाली मिळते. दोन्ही मागण्या एकाच दाव्यात करण्याची पद्धत आहे, पण ती जोडी वादीचा प्रत्यक्ष ताबा असेल तरच पुरेशी ठरते.

कलम 34 च्या परंतुकानुसार, म्हणजे त्याला जोडलेल्या अटीनुसार, वादीला नुसत्या घोषणेपलीकडची दाद मागता येत असूनही त्याने ती मागितली नाही, तर न्यायालय घोषणा देत नाही. ताबा प्रतिवादीकडे असेल तेव्हा ही पुढची दाद म्हणजे ताबा परत मिळणे. मालक ठरूनही जमीन दुसऱ्याच्याच हातात राहिली, तर त्याच जमिनीसाठी आणखी एक दावा लावावा लागेल. तो टाळणे हा परंतुकाचा हेतू आहे. मनाईनेही ही उणीव भरून निघत नाही. मनाई असलेला ताबा राखते, गेलेला परत आणत नाही.

समजा, एका गटात वादीची 1 हेक्टर 20 आर जमीन आहे. शेजाऱ्याने बांध कोरत दक्षिणेकडची 12 आर जमीन नांगराखाली घेतली आणि ती आपलीच म्हणू लागला. वादी संपूर्ण गटासाठी घोषणा व मनाई मागतो आणि ‘मिळकत आमच्या कब्जेवहिवाटीत आहे’ असे दाव्यात लिहितो. पुढे मोजणी होते. नकाशात 12 आरवर शेजाऱ्याची वहिवाट दिसते आणि उलटतपासणीत वादी ते कबूल करतो. खरेदीखताने मालकी शाबीत झाली, तरी त्या 12 आरपुरता दावा अडचणीत येतो. येथे दाव्याचे दोन भाग पाडायला हवे होते: 12 आरसाठी घोषणा आणि ताबा, सोबत तोपर्यंतच्या उत्पन्नाची भरपाई, उरलेल्या 108 आरसाठी मनाई. म्हणून अतिक्रमणाचा संशय असेल तर मोजणी दाव्याआधीच करून घ्यावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. अतिक्रमित भाग नकाशात चतुःसीमेसह वेगळा दाखवता आला नाही, तर ताब्याच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणीही अडते.

ताबा कोणाचा, हे दावा दाखल झाल्याच्या तारखेस पाहिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या अनाथुला सुधाकर विरुद्ध पी. बुची रेड्डी या निकालात हे विषय नीट मांडले. वादीचा शांततापूर्ण ताबा असून मालकीवर वादच नसेल, तर नुसती मनाई पुरते. ताबा असला तरी मालकीवर खरोखर मळभ आले असेल, तर घोषणा व मनाई दोन्ही मागाव्यात. ताबा नसेल आणि मालकीही वादात असेल, तर घोषणा व ताबा मागावा. रिकाम्या भूखंडावर प्रत्यक्ष वहिवाट कोणाचीच नसते. तेथे ताबा मालकीमागून जातो असे धरले जाते. मात्र प्रतिवादीने कुंपण घातले किंवा खोली बांधली, की हे गृहीतक टिकत नाही.

एक अपवाद मोलाचा आहे. मिळकत न्यायालयाच्या ताब्यात असेल, तर प्रतिवादी ताबा देऊच शकत नाही. अशा वेळी घोषणेची मागणी एकटी पुरेशी ठरते, असे 1966 च्या देव कुएर प्रकरणात ठरले.

ताबा मागण्याचे टाळण्यामागे अनेकदा कोर्ट फी असते. महाराष्ट्रात ताब्याच्या दाव्याची फी घोषणेच्या दाव्यापेक्षा जास्त पडते. ही बचत वादीला महागात पडते.

कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, परंतुकाची हरकत आली, की लगेच दावा दुरुस्तीचा अर्ज द्यावा. साक्षीपुरावा सुरू झाल्यावर, योग्य तत्परता दाखवूनही मागणी आधी करता आली नाही, हे पटवावे लागते. दावा चालू असताना ताबा गेला तरीही दुरुस्ती करता येते. मुदतीचाही विचार हवा. घोषणेसाठी दावा लावण्याचा हक्क पहिल्यांदा निर्माण झाल्यापासून 3 वर्षे, तर मालकीच्या आधारे ताब्यासाठी प्रतिवादीचा ताबा प्रतिकूल, म्हणजे मालकाचा हक्क नाकारणारा, झाल्यापासून 12 वर्षे आहेत. प्रतिकूल ताब्याची 12 वर्षे भरली, तर मालकीच संपुष्टात येते आणि दुरुस्ती मागायलाही काही उरत नाही.

पुराव्याचा भार वादीवरच असतो. प्रतिवादीचे कागद कच्चे आहेत एवढ्यावर घोषणा मिळत नाही. सातबारा व फेरफार महसुलासाठी असतात. पीकपाहणीची नोंद वहिवाट दाखवायला उपयोगी पडते, पण मालकीसाठी खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा अशा मूळ आधाराकडेच जावे लागते.