एकॉस मार्जिनच्या खाली, तरी नफा कमी: स्पॉन्सर्ड लिस्टिंगच्या बोलीमागचा इतिहास

अ‍ॅमेझॉनवर माल विकणाऱ्याला जाहिरातीच्या अहवालात सगळ्यात आधी दिसतो तो एकॉसचा आकडा. जाहिरातीवरचा खर्च भागिले जाहिरातीतून झालेली विक्री, एवढाच त्याचा अर्थ. हा आकडा मार्जिनच्या खाली असला की बोली बरोबर आहे, असं बहुतेक विक्रेते धरून चालतात. ते पुरेसं नाही. शोधाच्या यादीत जाहिरातीची जागा लिलावाने मिळते: विक्रेता शोधशब्दावर, एका क्लिकला किती मोजायची तयारी आहे याची बोली लावतो. मार्जिनचा नियम का पुरेसा नाही, हे समजायला या लिलावाची सुरुवात पाहावी लागते.

1998 मध्ये बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ या सर्च इंजिनने शब्दावर बोली लावायची पद्धत आणली. जो जास्त बोली लावेल तो वर, आणि क्लिक झालं की बोलीइतके पैसे कापले जायचे. कोण किती मोजतोय हे यादीत उघड दिसायचं. त्यामुळे दोघे जाहिरातदार एकमेकांवर एकेक सेंटने कुरघोडी करत चढत जायचे. परवडेनासं झालं की एकजण एकदम तळाला उतरायचा, दुसरा त्याच्या एक सेंट वर येऊन थांबायचा आणि चढाओढ पुन्हा सुरू व्हायची. दिवसभर बोलीवर डोळा ठेवायचा हाच उद्योग होऊन बसला.

गूगलने 2002 मध्ये क्लिकवर पैसे घेणारी योजना आणताना दोन गोष्टी बदलल्या. पैसे आपल्या बोलीइतके न घेता, खालच्या स्पर्धकाच्या वर राहायला लागतील तेवढेच घेतले जाऊ लागले. आणि क्रम लावताना बोलीसोबत, जाहिरातीवर लोक किती क्लिक करतात हेही धरलं गेलं. त्यामुळे सतत बोली हलवायची गरज कमी झाली. पण एक गोष्ट गूगलला सहज दिसत नव्हती: क्लिकनंतर खरेदी झाली का? ती दुसऱ्याच्या दुकानात होत होती.

अ‍ॅमेझॉनने 2012 मध्ये स्पॉन्सर्ड प्रॉडक्ट्स सुरू केलं तेव्हा नवं होतं ते हेच. शोध, क्लिक आणि गल्ला, तिन्ही एकाच छपराखाली. म्हणून प्रत्येक शब्दापुढे खर्चासोबत विक्रीही लिहून येऊ लागली आणि एकॉस हा रोजच्या बोलण्यातला शब्द झाला. मात्र तुमचं मार्जिन त्या अहवालात नसतं. ते विक्रेत्याने स्वतःच काढायचं असतं.

समजा, स्टीलचा मसाल्याचा डबा आहे. कर वजा जाता हाती येतात 500 रुपये. मालाची किंमत 210, मार्केटप्लेसचं कमिशन आणि इतर फी 75, पोहोचवणावळ 80, पॅकिंग आणि परत येणाऱ्या मालाचा भार 15. उरले 120 रुपये, म्हणजे 24 टक्के. एकॉस 24 असेल तर जाहिरातीतून मिळालेल्या विक्रीवर ना नफा ना तोटा. दर 12 क्लिकमागे एक डबा जात असेल, तर एका क्लिकला जास्तीत जास्त 10 रुपये परवडतात. पहिली बोली याच हिशेबातून निघते.

आता समजा, या डब्यासाठी बोली लावलेल्या एका शब्दावर क्लिक सरासरी 6 रुपयांना पडतंय. महिन्यात 240 क्लिक, 1,440 रुपये खर्च, 20 डबे, 10,000 रुपयांची विक्री. एकॉस 14.4. 24 पर्यंत जागा आहे असं वाटून बोली वाढवली. क्लिक 8 रुपयांना पडू लागलं, क्लिक झाले 300, डबे गेले 25, खर्च 2,400. एकॉस 19.2, अजूनही मार्जिनच्या खालीच. पण नफा? आधी 20 डब्यांचे 2,400 वजा 1,440, म्हणजे 960 रुपये उरत होते. आता 3,000 वजा 2,400, म्हणजे 600.

झालं असं, की वाढवलेली बोली फक्त नव्या 60 क्लिकना लागू झाली नाही. आधीचे 240 क्लिकही महागले. वाढीव 5 डब्यांसाठी 960 रुपये गेले, डब्यामागे 192. प्रत्येक डबा देतो 120. एकॉस ही सरासरी असल्याने शेवटच्या 5 डब्यांवरचा तोटा तिच्यात लपून गेला. म्हणून बोली बदलल्यावर मी आधी वाढीव खर्चाला वाढीव विक्रीने भागून पाहतो. इथे तो आकडा 38.4 टक्के येतो, आणि बोली मागे घ्यायला तेवढं पुरे. अर्थात पाच-सहा ऑर्डरवरून हे ठरवू नये. इतक्या कमी ऑर्डर नुसत्या योगायोगानेही वरखाली होतात. दोन्ही बोली काही आठवडे चालू द्याव्यात आणि मधला सणासुदीचा काळ तुलनेतून वगळावा.

अहवालात जाहिरातीच्या नावावर लिहिलेली सगळी विक्री जाहिरातीमुळेच झालेली असते, असंही नाही. क्लिकनंतर ठराविक दिवसांत त्या गिऱ्हाइकाने तुमचा दुसरा एखादा डबा घेतला, तरी ती विक्री जाहिरातीच्या खात्यात जाऊ शकते, आणि त्या दुसऱ्या डब्याचं मार्जिन वेगळं असतं. स्वतःच्या ब्रँडच्या नावावर लावलेल्या बोलीचा एकॉस नेहमी देखणा दिसतो. पण नाव टाइप करून शोधणाऱ्यांतले बरेचजण तुमच्याकडेच आलेले असतात. तिथली बोली पंधरा दिवस उतरवून त्या नावाची एकूण विक्री पाहावी, नुसती जाहिरातीची नव्हे. ती फारशी हलली नाही, तर तो खर्च डब्यामागच्या 120 रुपयांतूनच जात होता.