तीन बाजू, आतलं वर्तुळ आणि अर्धे कोन

एका त्रिकोणाच्या बाजू १३, १४ आणि १५ आहेत. कोन एकही मोजलेला नाही आणि तीनही हवे आहेत. अशा वेळी शाळेतलं कोसाइनचं सूत्र आठवतं. ते चालतंही, फक्त प्रत्येक कोनासाठी वर्ग, बेरीज, वजाबाकी आणि भागाकार हे सगळं नव्यानं करावं लागतं. दुसरी एक वाट त्रिकोणाच्या आत बसणाऱ्या वर्तुळातून जाते. तिथे एकदाच एक संख्या काढायची आणि मग तीन साधे भागाकार करायचे, की तीनही कोन हाती येतात. शिवाय हिशेब चुकला असेल तर तेही कळतं.

नेहमीप्रमाणे शिरोबिंदू A, B, C आणि त्यांच्या समोरच्या बाजू a, b, c म्हणू. तीनही बाजूंना आतून स्पर्श करणारं वर्तुळ म्हणजे अंतर्वर्तुळ. तीन कोनांचे दुभाजक जिथे एकमेकांना छेदतात तिथे त्याचं केंद्र असतं. बाहेरच्या एका बिंदूतून वर्तुळाला काढलेले दोन स्पर्शिकाखंड समान लांबीचे असतात, हे प्रमेय दहावीत येऊन गेलेलं असतं. इथे ते तीनदा लागू पडतं. A पासून दोन्ही बाजूंच्या स्पर्शबिंदूंपर्यंतचं अंतर सारखंच, त्याला x म्हणू. B पासूनचं y आणि C पासूनचं z.

आता बाजू a म्हणजे B पासून C पर्यंतची रेघ. मधल्या स्पर्शबिंदूनं तिचे y आणि z असे दोन तुकडे केले आहेत, म्हणून a = y + z. तसंच b = z + x आणि c = x + y. तिन्ही मिळवले तर परिमिती 2(x + y + z) होते. म्हणजे x + y + z ही अर्धपरिमिती झाली, तिला s म्हणतात. त्यातून a वजा केली की उरतं ते x. पुस्तकातल्या सूत्रांत s − a, s − b, s − c पुन्हा पुन्हा का येतात, याचं उत्तर हेच आहे. शिरोबिंदूपासून स्पर्शबिंदूपर्यंतची ही खरीखुरी अंतरं आहेत, आकृतीत बोट ठेवून दाखवता येतील अशी. आपल्या त्रिकोणात s = २१, म्हणून x = ८, y = ७ आणि z = ६.

कोन अर्धा का करावा लागतो तेही इथेच दिसतं. A हा शिरोबिंदू, वर्तुळाचं केंद्र आणि बाजूवरचा स्पर्शबिंदू हे तीन बिंदू जोडा. त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते, म्हणून स्पर्शबिंदूपाशी काटकोन मिळतो. A पासून केंद्राकडे जाणारी रेषा दुभाजक आहे, म्हणून या छोट्या काटकोन त्रिकोणात A पाशी अर्धाच कोन येतो. त्याच्या समोरची बाजू म्हणजे त्रिज्या r आणि लगतची बाजू x. त्यामुळे

tan(A/2) = r / (s − a)

आणि B, C साठीही असंच. तिन्ही ठिकाणी अंश तोच r आहे. तो कळला की काम संपलं.

r काढायला एकच गोष्ट पुरते: तीन अर्ध्या कोनांची बेरीज ९०° असते. बेरीज ९०° असलेले कुठलेही तीन लघुकोन घेतले, तर त्यांच्या टॅनचे दोन-दोनांचे गुणाकार करून मिळवल्यावर बरोबर १ येतो. तिसरा कोन म्हणजे ९०° मधून पहिल्या दोघांची बेरीज वजा केलेली. त्याचा टॅन पहिल्या दोघांत मांडून तिरका गुणाकार केला, की हे दोन ओळींत सिद्ध होतं. आता टॅनच्या जागी r/x, r/y, r/z ठेवा:

r²/(xy) + r²/(yz) + r²/(zx) = 1

डावीकडे छेद समान केला की r²(x + y + z)/(xyz) उरतं, आणि x + y + z म्हणजे s. म्हणून

r² = (s − a)(s − b)(s − c) / s

हिरोचं क्षेत्रफळाचं सूत्र इथे आयतंच मिळतं. केंद्रापासून तीन शिरोबिंदूंपर्यंत रेषा काढल्या तर त्रिकोणाचे तीन भाग होतात. प्रत्येक भागाची उंची r आणि पाया मूळ त्रिकोणाची एकेक बाजू, म्हणून एकूण क्षेत्रफळ r × s. त्यात वरच्या r ची किंमत घातली की √[s(s − a)(s − b)(s − c)] हे हिरोचं सूत्र तयार.

आता आकडे घालू. ८ × ७ × ६ = ३३६, भागिले २१ म्हणजे १६, म्हणून r = ४. अर्ध्या कोनांचे टॅन ४/८, ४/७ आणि ४/६. कॅल्क्युलेटरवर उलटा टॅन घेतला की अर्धे कोन २६.५७°, २९.७४° आणि ३३.६९° मिळतात. दुप्पट करून (आणि गोळाबेरीज शेवटी करून) A = ५३.१३°, B = ५९.४९°, C = ६७.३८°. क्षेत्रफळ ४ × २१ = ८४.

पुस्तकं सहसा r वेगळा न काढता tan(A/2) = √[(s − b)(s − c) / (s(s − a))] असं लिहितात. ते हेच आहे, r ची किंमत आत घातलेली. पण त्या रूपात वर्तुळ दिसेनासं होतं आणि वर्गमूळही तीनदा काढावं लागतं. मला पहिलं रूपच पसंत आहे.

पडताळा दोन टप्प्यांत होतो. आधी x, y, z ची बेरीज s येते का ते पाहायचं: ८ + ७ + ६ = २१. मग शेवटी कोनांची बेरीज १८०° येते का ते पाहायचं. समजा r चुकून ३.९ धरला, तर कोन ५१.९८°, ५८.२५° आणि ६६.०५° येतात. त्यांची बेरीज १७६.२८°, म्हणजे जवळजवळ ४° चा खड्डा. मात्र यासाठी तीनही कोन सूत्रानंच काढले पाहिजेत. दोन काढून तिसरा वजाबाकीनं मिळवला, तर बेरीज १८०° येणारच आणि पडताळ्याला काही अर्थ राहत नाही.

कोन काढण्याआधीच r कडे बघून आणखी एक गोष्ट सांगता येते. टॅन १ झाला की अर्धा कोन ४५° असतो. म्हणून r हा s − c एवढाच असेल तर C काटकोन, त्याहून मोठा असेल तर विशालकोन. ३, ४, ५ च्या त्रिकोणात s = ६, x, y, z अनुक्रमे ३, २, १ आणि r = १. पाचच्या समोरचा कोन काटकोन निघाला. आणि दिलेल्या बाजूंचा त्रिकोणच होत नसेल तर? ३, ४, ८ घ्या. s = ७.५, आणि s − c = −०.५. त्यामुळे r² ऋण येतो आणि गाडी तिथेच थांबते. दोन वजाबाक्या एकदम ऋण होऊन गुणाकार पुन्हा धन होईल, ही भीती नको: (s − a) आणि (s − b) यांची बेरीज c असते, ती ऋण होऊच शकत नाही.

कोसाइनचं सूत्र खरं अडतं ते सुईसारख्या त्रिकोणात. बाजू a = १, b = १००, c = १०० घ्या. कोसाइनच्या सूत्रानं cos A = ०.९९९९५. चार दशांश स्थळांचा तक्ता वापरणाऱ्याला हा आकडा ०.९९९९ किंवा १.०००० धरावा लागतो. पहिला धरला तर कोन ०.८१° येतो, दुसरा धरला तर शून्य. खरा कोन ०.५७३° आहे. शून्याजवळ कोसाइन जवळजवळ हलतच नाही, म्हणून आकड्यातली बारीकशी काटछाट कोनात भलीमोठी होते. अर्ध्या कोनाच्या सूत्रात s = १००.५ आणि s − a = ९९.५ आहेत, बाकी दोन अंतरं ०.५. यावरून tan(A/2) = ०.००५००० येतो, आणि चार अर्थपूर्ण अंक ठेवले तरी कोन ०.५७३° च मिळतो. साइनच्या नियमाची अडचण वेगळी आहे. ३०° आणि १५०° चा साइन एकच असल्यानं कोन लघु की विशाल, हे तो सांगत नाही. अर्धा कोन कधीच ९०° ला पोचत नाही, म्हणून टॅनला हा गोंधळ माहीत नाही.

जॉन नेपिअरनं १६१४ साली लॉगरिदम जगापुढे मांडले, तेव्हापासून कॅल्क्युलेटर येईपर्यंत या सूत्राचा आणखी एक फायदा होता. लॉगरिदम गुणाकाराची बेरीज करतात आणि वर्गमूळ निम्म्यावर आणतात, पण बेरजेपुढे त्यांचं काही चालत नाही. कोसाइनच्या सूत्रात b² + c² − a² मध्येच येऊन बसतं. इथे चार संख्या बेरीज-वजाबाकीनं काढल्या, की पुढे नुसते गुणाकार-भागाकार.

पण सूत्र मोजमापातली चूक भरून काढत नाही. त्याच सुईत b ची लांबी १०० ऐवजी १००.१ मोजली गेली असं धरू, म्हणजे हजारात एक एवढीच चूक. आता s = १००.५५, s − b = ०.४५, s − c = ०.५५ आणि r ०.४९८ वरून ०.४९५ वर येतो. A फारसा बदलत नाही, ०.५७०° होतो. B मात्र ८९.७° वरून ९५.५° वर उडी मारतो. लघुकोनाचा विशालकोन झाला, आणि तरीही बेरीज १८०° च भरते. तो पडताळा हिशेबातली चूक पकडतो, फितीतली नाही. कारण s − b हा शंभराशी तुलना करता अगदी छोटा तुकडा आहे. लांबीतली हजारातली एक चूक त्याच्यापुरती दहात एक होते. म्हणून कोन काढण्याआधी x, y, z पैकी सर्वांत छोटं अंतर बघावं. मोजण्यातली संभाव्य चूक त्याच्या तुलनेत नगण्य नसेल, तर बाजूंवरून काढलेल्या कोनांवर विसंबू नये. निदान एक मोठा कोन प्रत्यक्ष मोजावा.

संगणकावरही याच तुकड्याला जपावं लागतं. आधी s काढून मग त्यातून मोठी बाजू वजा केली, तर s मधली गोळाबेरीज नेमकी त्या छोट्या उत्तरात उतरते. विल्यम काहान या गणितज्ञानं सुचवलेला उपाय सोपा आहे. बाजू a ≥ b ≥ c अशा उतरत्या क्रमानं लावायच्या, आणि s − a ची दुप्पट c − (a − b) अशी काढायची. कंस तसाच ठेवायचा. बीजगणितात तो अनावश्यक आहे, पण मशीन आधी काय वजा करील हे तोच ठरवतो.