बदलाची सूचना

कामगारांच्या सेवाशर्तींत बदल करण्यापूर्वी मालकाने त्यांना द्यावयाची लेखी पूर्वसूचना. दोन खाती एकत्र करणे, पाळ्या नव्याने बांधणे, श्रेणी बदलणे, नवे यंत्र आणून माणसे कमी करणे अशा पुनर्रचनेत ही सूचना लागते. औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 मधील कलम 9-अ हा तिचा अनेक दशकांचा आधार होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्ये तिची जागा कलम 40 ने घेतली आहे. सूचना दिल्यापासून एकवीस दिवसांच्या आत बदल करता येत नाही, हा तिचा गाभा दोन्ही कायद्यांत सारखाच आहे.

या पद्धतीचा उगम नेमका कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. कायद्याच्या भाष्यांत तो सामान्यतः 1956 च्या दुरुस्तीत धरला जातो, कारण कलम 9-अ त्या दुरुस्तीने मूळ अधिनियमात आले. कामगार चळवळीच्या अंगाने लिहिणारे मात्र 1928 च्या मुंबईतील गिरणी संपापर्यंत मागे जातात. त्या काळी काही गिरण्यांनी सुसूत्रीकरण सुरू केले होते. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत आणि सूतकताईत रिंग फ्रेमच्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजू एकाच कामगाराने पाहाव्यात, अशी ती मांडणी होती. तिच्यातून माणसे कमी होणार हे उघड होते. एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिने संप चालला आणि त्यानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने स्थायी आदेशांबरोबर या योजनांचाही विचार केला. बदल योग्य की अयोग्य या वादाइतकाच, तो कामगाराला कधी आणि कोणी सांगायचा हा प्रश्नही या काळात पुढे आला, असे म्हणता येते. तरीही कामगारांच्या मागणीतून थेट वैधानिक सूचना निघाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मध्ये दहा वर्षे आणि आणखी एक कायदा आहे.

तो मधला कायदा म्हणजे 1934 चा मुंबई व्यापारी विवाद समेट अधिनियम. त्याने सरकारी कामगार अधिकाऱ्याची नेमणूक केली. कामगाराच्या तक्रारीला गिरणीबाहेर एक ठरलेले दार त्यामुळे मिळाले. बदलाची सूचना या नावाने ओळखता येईल अशी तरतूद बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने केलेल्या 1938 च्या मुंबई औद्योगिक विवाद अधिनियमात आढळते, आणि उगम तेथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सूचना, वाटाघाटी, समेट आणि मगच बदल हा क्रम याच कायद्याने बांधून दिला. मात्र तो दोन्ही पक्षांना लागू होता: बदल हवा असलेल्या कामगारांनाही सूचना द्यावी लागे, आणि हा क्रम पूर्ण न करता केलेला संप बेकायदा ठरे. त्यामुळे या कायद्याला कडवा विरोध झाला. 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईत झालेल्या एक दिवसाच्या संपात डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. पुढे 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमातील कलम 42 नेही सूचनेचा दुहेरी भार कायम ठेवला. केंद्रीय कायद्यातील कलम 9-अ ने तो फक्त मालकावर टाकला. मुंबई प्रांताच्या कायद्यापेक्षा केंद्रीय कायदा वेगळा पडतो तो येथे. भाष्यांत याची नोंद क्वचितच घेतलेली दिसते.

कोणत्या बदलाला सूचना लागते हे अनुसूची ठरवते. जुन्या कायद्याची चौथी आणि नव्या संहितेची तिसरी अनुसूची यांत अकरा बाबी आहेत. वेतन, भत्ते, कामाचे तास, रजा, पाळ्या, श्रेणी, रूढ सवलती आणि शिस्तीचे नियम या बाबी वाचताच कळतात. पुनर्रचनेच्या दृष्टीने शेवटच्या दोन अवघड आहेत. दहावी बाब कामगार कपातीची शक्यता असलेल्या सुसूत्रीकरणाची आहे. अकरावी एखाद्या व्यवसायातील, प्रक्रियेतील, खात्यातील किंवा पाळीतील माणसांची संख्या वाढवण्याची वा घटवण्याची. नैमित्तिक चढउतार आणि मालकाच्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे झालेला फरक तीत धरला जात नाही. बदली यादीत नाही. म्हणून बदलीचा अधिकार नेमणुकीच्या अटींत असेल, तर निव्वळ खाते बदलल्याने सूचना लागत नाही. पाळी, भत्ता किंवा श्रेणी बदलली की मात्र ती लागते.

सर्वोच्च न्यायालयाचे तीन निर्णय एकत्र वाचले की सीमारेषा दिसते. टाटा आयर्न अँड स्टील प्रकरणात (1972) साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी दुसऱ्या वारी नेण्यालाही सूचना आवश्यक ठरली. बदलाचा आपल्यावर काय परिणाम होईल हे कामगारांना तपासता यावे आणि गरज वाटल्यास आपली बाजू मांडता यावी, हा कलमाचा हेतू न्यायालयाने तेथे सांगितला. हिंदुस्तान लिव्हर प्रकरणात (1973) विक्री विभागांची फेरमांडणी झाली होती. कपात होणार नव्हती आणि कामगारांच्या शर्तींवर प्रतिकूल परिणाम दिसत नव्हता, म्हणून सूचनेची गरज नाही असे ठरले. मालक बरोबर होता की कामगार, एवढ्यावर हा निर्णय सोडून दिला तर चुकीचा बोध होतो. तो वस्तुस्थितीवर उभा आहे. ‘अंतर्गत पुनर्रचना’ असे नाव दिले की सूचना टळते, असे त्यात कोठेही नाही.

तिसरा निर्णय नागपूरचा आहे आणि वेळेच्या प्रश्नावर तोच सर्वांत बोलका आहे. लोकमत न्यूजपेपर्स प्रकरणात (1999) हाताने खिळे जुळवण्याऐवजी फोटोकंपोझिंग आले आणि जुळणी खात्यातील माणसे कमी झाली. सूचना दिली गेली होती, पण नवी पद्धत सुरू झाल्यानंतर. बदल करण्याचा ‘इरादा’ असताना सूचना द्यायची असते, त्यामुळे ती बदलाच्या आधीच असली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. यंत्र बसले, काम त्यावर वळले आणि मग एकवीस दिवस मोजले, तर मोजणी निरर्थक ठरते.

सूचनेत काय असते हे एका कल्पित उदाहरणावरून पाहणे सोयीचे. समजा, एका औषध कारखान्यात पॅकिंग आणि डिस्पॅच ही खाती 1 जुलैपासून एक करायची आहेत. पॅकिंगमध्ये 40 आणि डिस्पॅचमध्ये 24 कामगार आहेत. पॅकिंगचे काम आधीपासून दोन पाळ्यांत चालते; डिस्पॅच सकाळी 9 ते 5.30 अशा जनरल पाळीत आहे. सूचना 5 जूनला दिली, तर एकवीस दिवस 26 जूनला संपतात आणि 1 जुलैची तारीख टिकते. जुन्या कायद्याच्या केंद्रीय नियमांतील ‘ई’ नमुन्यात वरचा मजकूर ठरीव असे. खरी सूचना म्हणजे त्याला जोडलेले परिशिष्ट. ‘प्रशासकीय सोयीसाठी खात्यांची पुनर्रचना करण्यात येत आहे’ एवढेच त्यात लिहिले, तर परिणाम तपासायला कामगाराच्या हाती काहीच लागत नाही. तेथे असे लिहावे लागते: डिस्पॅचचे 24 कामगार आठवड्याआड पहिल्या व दुसऱ्या पाळीत येतील (बाब 6), टॅली क्लार्क आणि पॅकर यांची एक श्रेणी होईल, मूळ वेतन कोणाचेही घटणार नाही (बाब 7), निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या तीन तपासनिसांच्या जागा भरल्या जाणार नाहीत (बाब 11). पॅकिंगच्या 40 जणांची पाळी तीच राहणार असेल, तर तेही लिहिलेले बरे. ज्याच्या वाट्याला काही बदल नाही त्याला तसे कळले नाही की अफवा पहिल्यांदा त्याच्याकडूनच निघते.

कारणांबाबत कायदा विचित्र रीतीने गप्प आहे. कलम 9-अ बदलाचे ‘स्वरूप’ कळवायला सांगत होते, कारण मागत नव्हते. याउलट कपातीच्या कलम 25-फ मध्ये एक महिन्याच्या लेखी नोटिशीत कारणे देणे बंधनकारक होते. म्हणजे ज्याची नोकरी जाते त्याला कारण कळण्याचा हक्क आणि ज्याची पाळी बदलते त्याला नाही. हा फरक समर्थनीय वाटत नाही. व्यवहारातही कारण न लिहिणारा मालक अडचणीत येतो, कारण वाद मिटवण्यासाठी सरकारने नेमलेल्या समेट अधिकाऱ्यासमोर पहिला प्रश्न कारणाचाच येतो. वरच्या उदाहरणात ‘माल सायंकाळी तयार होतो आणि ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत भरता येत नाही’ असे एक वाक्य परिशिष्टात असेल, तर चर्चा दुसऱ्या पाळीच्या गरजेवर होते, मालकाच्या हेतूवर होत नाही.

सूचना मुख्य प्रवेशद्वाराजवळच्या आणि व्यवस्थापकाच्या कार्यालयातील फलकावर लावणे, नोंदणीकृत युनियनच्या सचिवाला प्रत देणे आणि कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांना प्रत पाठवणे, अशी केंद्रीय नियमांतील पद्धत होती. या प्रतींचे पत्ते हीच प्रश्नांची दारे. एकट्याचा प्रश्न असेल, उदाहरणार्थ दुसऱ्या पाळीनंतर घरी जायला गाडी नाही, तर तो व्यवस्थापकाकडे किंवा तक्रार निवारण समितीकडे जातो. वीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ही समिती आवश्यक आहे. संहितेनुसार तीत जास्तीत जास्त दहा सदस्य असतात आणि निकाल तीस दिवसांत द्यायचा असतो. पाळीच नको असे डिस्पॅचच्या सर्वांचे म्हणणे असेल, तर ती सामूहिक हरकत ठरते. ती युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाते. समेटाची कार्यवाही सुरू असताना त्या विवादाशी निगडित शर्ती कामगारांच्या तोट्याच्या दिशेने बदलता येत नाहीत. एकवीस दिवसांची खरी किंमत येथे कळते: त्या मुदतीत हरकत समेटापर्यंत पोचली, तर बदल थांबतो, पोचली नाही, तर 1 जुलैला नवी पाळी सुरू होते आणि वाद नंतर चालतो.

काही बदलांना सूचना लागत नाही. तडजोडीने किंवा निवाड्याने ठरलेला बदल त्यांत येतो, तसेच सरकारी सेवानियम लागू असलेले कर्मचारीही वगळले आहेत. आणीबाणीच्या स्थितीत पाळी बदलायची असेल, तर तक्रार निवारण समितीशी सल्लामसलत करून सूचनेशिवाय बदल करण्याची मुभा संहितेने नव्याने दिली आहे. व्यवस्थापकीय व प्रशासकीय पदांवरील माणसे आणि महिना 18,000 रुपयांहून अधिक वेतनाचे पर्यवेक्षक संहितेच्या ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत. पुणे-मुंबईतील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत टीम बदलली की येणारा ईमेल यामुळेच बहुधा कंपनीच्या स्वतःच्या धोरणावर चालतो: पद व्यवस्थापकाचे असेल, तर त्यातील तारीख, कारण किंवा संपर्काचे नाव कलम 40 खाली मागता येत नाही.