पीनकलमधल्या राजाची बढती

पीनकलचे दोन मुरलेले खेळाडू पहिल्यांदाच एका टेबलावर बसले, तर वाद बहुतेक वेळा खेळताना होत नाही. बारा हात संपून जिंकलेली पानं मोजायला घेतली की तो होतो. एक जण एक्के, दश्श्या आणि राजे बाजूला काढतो, त्यांची नुसती संख्या मोजतो आणि बाकीचा ढीग उलटा करून ठेवतो. दुसरा राणी आणि गुलामही सोडत नाही. ओठांतल्या ओठांत अकरा, दहा, चार, तीन, दोन अशी बेरीज करत बसतो. दोघांनाही आपली मोजणी हीच मूळची वाटते. मूळची दुसऱ्याची आहे, पण आज बहुतेक टेबलांवर पहिल्याची चालते.

अठ्ठेचाळीस पानं, नव्वीपासून वर प्रत्येक पान दोनदा, समोरासमोर बसलेले भिडू आणि प्रत्येकाच्या हातात बारा पानं, एवढं वाचकांना माहीत असेलच. एकच गोष्ट ध्यानात ठेवायची: इथे दश्शी राजाच्या वर आणि एक्क्याच्या खाली असते. पुढचं सगळं त्या क्रमावर उभं आहे.

खेळाचं घराणं जर्मन भाषकांचं. बिनोकेल नावाचा खेळ दक्षिण जर्मनीत, विशेषतः व्यूर्टेम्बर्ग भागात, आजही खेळतात. एकोणिसाव्या शतकात स्थलांतरितांबरोबर तो अमेरिकेत गेला आणि त्याचं पीनकल झालं. त्याचा सख्खा नातेवाईक म्हणजे फ्रान्समधला बेझीक. इस्पिकची राणी आणि चौकटचा गुलाम ही ज्या जोडीमुळे पीनकलला ओळख मिळाली, ती बेझीकमध्येही आहे आणि तिथेही तिचे ४० गुणच मिळतात. गुणांसाठी दाखवायच्या ठरावीक जोड्या-रांगांना ‘मेल्ड’ म्हणतात. हा शब्द जर्मन ‘मेल्डेन’वरून आला, म्हणजे जाहीर करणे. रमीत वाढलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण रमीत लावलेली पानं टेबलावरच राहतात. पीनकलमध्ये मेल्ड दाखवायचं, त्याचे गुण लिहून घ्यायचे आणि पानं परत हातात उचलून त्यांनीच खेळायचं.

मेल्डचे आकडे गेल्या शंभर वर्षांत फारसे हलले नाहीत. हुकमाचे एक्का, दश्शी, राजा, राणी, गुलाम मिळून १५०. हुकमाच्या राजा-राणीचं लग्न ४०, इतर रंगाचं २०. चारी रंगांचा एकेक एक्का असेल तर १००, राजे ८०, राण्या ६०, गुलाम ४०. इस्पिकची राणी आणि चौकटचा गुलाम या जोडीलाही पीनकलच म्हणतात, तिचे ४० आणि दोन्ही जोड्या एकाच हातात आल्या तर ३००. पुढे शेवटचं शून्य गाळून १५, ४, २ असं लिहायची पद्धत पडली. तो केवळ लिहिण्यातला आळस, त्याने खेळ बदलला नाही.

हुकमाच्या नव्वीला मिळणारे १० गुण मात्र मजेशीर आहेत. तिला ‘डीस’ म्हणतात. लिहितात फ्रेंच ‘दहा’ या शब्दासारखं, पान आहे नव्वीचं आणि गुण मिळतात दहा. भिडूंच्या जुन्या खेळात बोली नव्हती. वाटणाऱ्याचं शेवटचं पान उघडायचं, ते ज्या रंगाचं तो हुकूम. हातात हुकमाची नव्वी असेल तर ती देऊन उघडलेलं पान घेता यायचं, आणि दहा गुण हे त्या व्यवहाराशी जोडलेले होते. बोली आल्यावर पान उघडणं बंद झालं, अदलाबदल बंद झाली, दहा गुण तेवढे राहिले. वाडा पाडल्यावर नुसती देवडी उरावी, तसे.

बोली आधी तिघांच्या खेळात रुळली. तिथे तीन पानं बाजूला राहत आणि जास्त बोली लावणारा ती उचलून उरलेल्या दोघांशी एकटा लढे. भिडूंच्या खेळात ती आली तेव्हा बाजूची पानं गेली आणि हुकूम ठरवण्याचा हक्क बोली जिंकणाऱ्याकडे गेला. मेल्ड आणि हातांतले गुण मिळून बोलीचा आकडा गाठायचा. नाही गाठला तर मेल्डही जातं आणि बोलीएवढे गुण वजा होतात. इथून आकडेमोडीला धार आली. उघडलेल्या पानाच्या दिवसांत चार गुण कमी पडले तर चारच गुण कमी पडत. आता तेच चार गुण अख्खी बोली बुडवू शकतात.

आता राजाकडे येऊ. जुनी मोजणी अशी: एक्का ११, दश्शी १०, राजा ४, राणी ३, गुलाम २, नव्वी ०. आपल्याकडे तीनशे चार खेळणाऱ्यांना हा ठेका ओळखीचा वाटेल. तिथे गुलाम आणि नव्वी डोक्यावर चढून बसतात हे खरं, पण एक्का अकरा आणि दश्शी दहाच. या आकड्यांची बेरीज ३० होते. आठ वेळा तीस म्हणजे २४०, शेवटच्या हाताचे १०, एकूण २५०.

ही मोजणी अचूक आहे आणि कटकटीची आहे. म्हणून मधली एक वाट निघाली: एक्का नि दश्शी दहा-दहा, राजा नि राणी पाच-पाच, बाकी शून्य. त्याचीही बेरीज ३०. मग तिसरी आली: एक्का, दश्शी, राजा प्रत्येकी दहा, बाकीच्यांना काही नाही. पुन्हा ३०. या गुणवाल्या पानांना इंग्रजीत काउंटर म्हणतात आणि शून्य गाळलं की प्रत्येक काउंटर एक गुण. चोवीस काउंटर, शेवटचा हात एक, एकूण पंचवीस.

मोजणी सोपीच करायची होती तर राजाला कशाला घेतलं, हा प्रश्न रास्त आहे. बेझीकमध्ये फक्त एक्के आणि दश्श्या मोजतात, प्रत्येकी दहा. तेच उचललं असतं तर काम त्याहून सोपं होतं. माझ्या मते उत्तर तिसात आहे. फक्त एक्के-दश्श्या मोजल्या तर प्रत्येक रंगाच्या एका संचात वीसच गुण होतात आणि डावाचे एकूण २५० वरून १७० वर येतात. मग ‘भिडूकडून इतके येतील’ हे सवयीचे अंदाज आणि मेल्डचं हातांशी असलेलं प्रमाण, सगळं नव्याने बसवावं लागलं असतं. दहा गुण आणखी कुणाला तरी द्यायचे होते आणि रांगेत पुढचा उभा होता राजा. त्याची बढती पराक्रमाने झालेली नाही, हिशेब जुळवायला झाली आहे.

त्याने काय फरक पडतो ते एका डावात पाहू. बोली ३५०, हुकूम बदाम. बोली जिंकणाऱ्याच्या हातात बदामचे एक्का, दश्शी, राजा, राणी, गुलाम आणि नव्वी, इस्पिकचे एक्का आणि राणी, चौकटचे दश्शी आणि गुलाम, किलवरचे एक्का आणि राजा. मेल्ड: बदामची रांग १५०, पीनकल ४०, नव्वीचे १०, एकूण २००. रांगेत बसलेल्या राजा-राणीच्या लग्नाचे वेगळे गुण नाहीत. भिडूकडे चौकटचं एक लग्न आणि दुसरी बदामची नव्वी, म्हणजे ३०. झाले २३०. हातांतून १२० हवेत.

समजा या जोडीने सहा हात केले, शेवटचा हात समोरच्यांनी नेला. सहा हातांतल्या चोवीस पानांत निघाले ४ एक्के, २ दश्श्या, ६ राजे, ४ राण्या, ४ गुलाम, ४ नव्व्या. काउंटर पद्धतीने चार अधिक दोन अधिक सहा, बारा, म्हणजे नेमके १२०. बोली पुरी, ३५० जमा. पाच-दहाच्या पद्धतीने एक्के-दश्श्यांचे ६०, राजा-राण्यांचे ५०, मिळून ११०. बोली बुडाली. जुन्या मोजणीने ४४, २०, २४, १२, ८, बेरीज १०८. इथेही बुडाली. पानं तीच, हात तेच, आणि एकीकडे अधिक ३५०, दुसरीकडे उणे ३५०. पंधराशेच्या खेळात सातशेची तफावत.

यावर ‘सगळ्यांना एकच नियम आहे ना, मग बिघडलं कुठे’ असं म्हणतात. बिघडत काही नाही, पण पान उतरायची रीत बदलते. भिडूचा किलवर एक्का पडलाय, दुसरा एक्का आधीच गेलाय आणि तुमच्याकडे किलवरची दश्शी आणि राजा, असं धरा. जुन्या मोजणीत दश्शी घालायचा मोह होई, कारण सुरक्षित हातात दहा गुण जातात आणि मागे उरतो चाराचा राजा. आता दोघांचं मोल सारखं. मग राजा द्यायचा आणि दश्शी राखायची, कारण एक्के संपल्यावर ती स्वतः हात करू शकते. राजा झाला गुणांनी भरलेला आणि बळाने दुबळा, भिडूच्या ताटात वाढायचं पान. मेंढीकोटात दश्श्या भिडूच्या हातात सोडून देणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. मला विचाराल तर जुन्या मोजणीत निवड अवघड होती आणि म्हणून खेळ जास्त रसाचा होता. पण रात्री अकरा वाजता चोवीस पानांची बेरीज तिसऱ्यांदा चुकल्यावर हे मत मीही फार जोरात मांडत नाही.

मेल्ड पक्कं कधी होतं, या नियमावरही याचा परिणाम झाला. आधी अट एवढीच की जोडीने निदान एक हात करावा. काउंटर आल्यावर बऱ्याच टेबलांवर ती ‘निदान एक काउंटर’ अशी झाली. तुम्ही हात केलात, पण त्यात राणी, गुलाम आणि नव्व्याच आल्या, तर एका टेबलावर तुमचं मेल्ड वाचलं आणि शेजारच्या टेबलावर गेलं. खेळायला बसण्याआधी हे विचारून न घेतल्यामुळे झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

बोलीतही सोपे आकडे आल्यावर नवी भाषा रुजली. वीस किंवा पंचविसापासून एकेकाने चढत जायचं असेल आणि कुणी एकदम तीनने उडी मारली, तर ती उडी भिडूला काही सांगत असते: माझ्याकडे मेल्ड आहे, हुकूम तू ठरव. किती उडीला किती मेल्ड हे टेबलागणिक वेगळं. काहींना हा संकेत वाटतो, काहींना उघड चुगली. संकेताचा अर्थ समोरच्या जोडीने विचारला तर सांगायचा, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी तडजोड झाली आहे.

तिसाचा हिशेब पुढे ऐंशी पानांच्या खेळातही गेला. तिथे नव्व्या काढून टाकल्या आणि बाकी प्रत्येक पान चार वेळा घेतलं. नव्वी गेल्यावर डीसही गेली. काउंटर झाले अठ्ठेचाळीस. शेवटच्या हाताला एक गुण ठेवला असता तर एकोणपन्नास झाले असते, म्हणून त्याला दोन दिले आणि पन्नास केले. राजा तिथेही एक्क्याच्या बरोबरीने मोजतात, आणि त्या टेबलावर अकरा-दहा-चारचं नाव काढणारा मला अजून भेटलेला नाही.