हातपाय कामात, चित्त नामात : चालता-बोलता केलेल्या प्रार्थनेची पार्श्वभूमी

शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात, कबीरांच्या श्लोकांमध्ये, दोन संतांचा एक लहानसा संवाद जपलेला आहे. त्रिलोचन आपल्या मित्राला, म्हणजे नामदेवांना, विचारतात की तू मायेत कसा गुंतलास, हे कापड छापत काय बसला आहेस, रामाकडे चित्त का लावत नाहीस? त्यावर नामदेवांचे उत्तर असे आहे : ‘नामा कहै तिलोचना मुख ते रामु सम्हालि। हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि॥’ मुखाने राम म्हण, हातापायांनी सगळे काम कर आणि चित्त त्या निरंजनापाशी ठेव. स्वयंपाक करता करता म्हटलेला हरिपाठ ‘धरला जातो’ का, सकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढताना केलेला जप मोजायचा का, असे प्रश्न पुण्यातल्या घरांमध्ये आजही विचारले जातात. त्यांच्या मुळाशी त्रिलोचनांचीच शंका आहे.

ही शंका निर्माण होण्याचे कारण कर्मकांडाच्या व्यवस्थेत आहे. वैदिक परंपरेत उपासना हा विधी असतो आणि विधीला काळ, स्थान, शुचिर्भूतता, आसन व अधिकार अशा अटी असतात. सकाळच्या संध्येत सूर्यदर्शन होईपर्यंत उभे राहून आणि सायंकाळी नक्षत्रे दिसेपर्यंत बसून गायत्रीचा जप करावा, असे मनुस्मृती सांगते. चालता चालता किंवा चुलीपुढे संध्या होत नाही. त्याच ग्रंथात जपाची प्रतवारीही आहे : विधियज्ञाहून जपयज्ञ दहापट श्रेष्ठ, ओठांतल्या ओठांत केलेला उपांशू जप शंभरपट आणि मानस जप हजारपट श्रेष्ठ. म्हणजे बाहेरच्या सामग्रीपेक्षा आतल्या एकाग्रतेचे मोल अधिक, हे विधी मानणाऱ्यांनीही मान्य केले होते. मात्र जपाचा अधिकार सर्वांना नव्हता. स्त्रिया आणि शूद्र या चौकटीच्या बाहेर होते आणि दिवसभर राबणारी बहुतेक माणसे याच दोन वर्गांतली होती. कामात घेतलेल्या नामाकडे सवड नसलेल्यांना दिलेली सवलत म्हणून पाहिले जाते ते मला पटत नाही, कारण ज्यांना आसनावर बसण्याचा अधिकारच नाकारला होता, त्यांनी घडवलेली ही उपासना आहे.

तिला शास्त्राधार भागवताने दिला. सहाव्या स्कंधातला अजामिळ मरताना ‘नारायण’ अशी हाक मारतो, ती आपल्या धाकट्या मुलाला. तरीही तो तरतो. विष्णुदूत त्याचे समर्थन करताना म्हणतात की दुसऱ्या कुणाला उद्देशून, थट्टेने, गाण्यातली जागा भरण्यासाठी किंवा अवहेलनेने घेतलेले नामही पाप हरण करते. मंत्र आणि नाम यांतला फरक इथे स्पष्ट होतो. मंत्राला नियम आहेत, नामाला नाहीत. ज्ञानदेवांच्या हरिपाठात हीच भूमिका येते : ‘काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं’. पहिल्याच अभंगात ‘असोनि संसारीं जिव्हे वेगु करीं’ असे म्हटलेले आहे. पुढे समर्थ रामदासांनी दासबोधाच्या नामस्मरणाच्या समासात कामांची यादीच दिली : ‘चालतां बोलतां धंदा करितां। खातां जेवितां सुखी होतां। नाना उपभोग भोगितां। नाम विसरों नये॥’

या उपासनेचे सर्वांत मोठे पीठ मात्र जाते होते. ‘दळितां कांडितां। तुज गाईन अनंता॥’ असे जनाबाई म्हणतात, तेव्हा त्या एका प्रत्यक्ष दिनक्रमाचे वर्णन करत असतात. पहाटे उजाडण्यापूर्वी बाई जात्यापाशी बसे, एका हाताने खुंटा फिरवी आणि दुसऱ्या हाताने घास टाकी. जात्याला लय असते आणि ओवीची लय तिच्याशी जुळते, त्यामुळे ओवी म्हणताना कामात व्यत्यय येण्याऐवजी हात एका गतीने फिरत राहतो. पुण्यात राहून काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह या ओव्या गावोगाव फिरून गोळा केल्या. मुळशी-मावळपासून सुरू झालेल्या या संग्रहात आज एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्यांत विठ्ठल आहे आणि त्याच्या शेजारी भाऊ, लेक, सासुरवास, पाऊस हेही आहेत. त्या बायांनी देवाच्या ओव्या वेगळ्या आणि संसाराच्या वेगळ्या असे कप्पे केले नव्हते. विजेच्या गिरण्या आल्यावर दळणाचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले; पण ज्या कामाच्या आधाराने ते नाम टिकले होते ते काम गेल्यावर ओव्याही मुखातून गेल्या, कारण त्या रिकाम्या वेळी म्हणण्यासाठी रचलेल्याच नव्हत्या.

मग मन भलतीकडे असले तरी चालते का? इथे परंपरा दोन गोष्टी सांगते आणि त्यांत ताण आहे. एकीकडे अजामिळाची कथा आहे, तर दुसरीकडे त्याच हरिपाठात ‘भावेंवीण भक्ति’ बोलूच नये असे बजावलेले आहे. या ताणाची सर्वांत नेमकी उकल मला पुन्हा नामदेवांकडेच सापडते. गुरू ग्रंथसाहिबात रामकली रागातील त्यांचे एक पद आहे. मुलगा कागदाचा पतंग करून उडवतो, सवंगड्यांशी गप्पा मारतो, पण त्याचे चित्त दोरीवर असते. मुली पाण्याने भरलेल्या घागरी घेऊन हसत-बोलत येतात, त्यांचे चित्त घागरीवर असते. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरापाशी. आई घरात-बाहेर कामे करते, चित्त पाळण्यातल्या बाळापाशी.

यांतली घागर बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्या मुली घागरीविषयी विचार करत नाहीत. बोलणे दुसऱ्याच विषयावर चाललेले असते, पण मान किंचित कलली की शरीराला आपोआप कळते आणि तोल सावरला जातो. म्हणजे नामदेवांना हवी असलेली गोष्ट अखंड विचार ही नाही. सुटले की लगेच जाणवावे, असे ते अनुसंधान आहे. त्यामुळे पारखही सोपी होते. भाजी चिरताना हरिपाठाचा एखादा अभंग गळला आणि तो गळल्याचे ध्यानात आले, तर दोरी हातात आहे. सगळा पाठ संपला आणि आपण काय म्हटले याचा पत्ताच नाही, तर पतंग केव्हाच सुटलेला आहे. अशा वेळी विधीप्रमाणे प्रायश्चित्त घ्यावे लागत नाही, नाम पुन्हा घ्यायचे एवढेच. माळेने जप करणारेही १०८ मण्यांची माळ १०० जपांची धरतात आणि वरचे ८ चुकीसाठी सोडतात; मन निसटणार, हे त्या हिशेबातच गृहीत आहे.

मर्यादा कामाच्या स्वरूपाची आहे. चालणे, दळणे, निवडणे, विणणे अशा हाताला सवयीच्या झालेल्या कामात वाणी मोकळी असते. हिशेब तपासताना, औषध मोजून देताना किंवा रहदारीतून दुचाकी चालवताना ती तशी मोकळी नसते. तिथे नामाचा आग्रह धरला तर काम तरी बिघडते किंवा नाम यांत्रिक होते. अशा कामांसाठी परंपरेने दुसरे उत्तर दिले आणि बऱ्याचदा त्याची पहिल्याशी गल्लत केली जाते. काम करताना प्रार्थना म्हणणे वेगळे आणि काम हीच प्रार्थना मानणे वेगळे.

‘स्वकर्मणा तमभ्यर्च्य’ या गीतेच्या अठराव्या अध्यायातील श्लोकावर ज्ञानदेव लिहितात : ‘तया सर्वात्मका ईश्वरा। स्वकर्मकुसुमांची वीरा। पूजा केली होय अपारा। तोषालागीं॥’ इथे नामाचा उच्चार अपेक्षित नाही. कर्म हेच फूल आहे आणि ते नीट करणे हीच पूजा. अरणच्या सावता माळ्यांनी हे आपल्या मळ्यातल्या शब्दांत सांगितले. कांदा, मुळा आणि भाजी ही त्यांची विठाई झाली आणि मोट, नाडा, विहीर व दोरी यांनी पंढरी व्यापली. शेजारच्या कर्नाटकात बाराव्या शतकातल्या शरणांनी, म्हणजे शिवभक्त संतांनी, याही पुढचे पाऊल टाकले. आयदक्की मारय्या आपल्या वचनात म्हणतात की कायकात, म्हणजे आपल्या कामात, रमलेल्याने गुरुदर्शन विसरावे, लिंगपूजाही विसरावी, कारण कायक हाच कैलास आहे. सावत्यांच्या मळ्यात विठ्ठल दिसतो. मारय्यांच्या कामात देव आठवण्याचीही गरज उरत नाही.

विधी आणि स्मरण या दोन गोष्टी इतर धर्मांनीही वेगळ्या ठेवलेल्या दिसतात. इस्लाममध्ये नमाजाला वेळ, वुजू आणि दिशा ठरलेली आहे, ती काम करता करता होत नाही. कुराणाच्या ६२ व्या अध्यायात शुक्रवारच्या नमाजाची हाक आली की व्यापार थांबवा, नमाज झाल्यावर पांगा, आपली उपजीविका शोधा आणि अल्लाहचे पुष्कळ स्मरण करा, असा क्रम सांगितला आहे. विधीसाठी काम थांबते, स्मरणासाठी थांबत नाही. ख्रिस्ती परंपरेत ‘अखंड प्रार्थना करा’ या पौलाच्या वचनाचा अर्थ काहींनी काम सोडावे असा लावला. इजिप्तमधल्या लुसियस नावाच्या साधूकडे अशी माणसे आली, तेव्हा त्याने त्यांना विचारले की तुम्ही जेवता आणि झोपता तेव्हा तुमची प्रार्थना कोण करते? मी दोर वळता वळता प्रार्थना करतो, दोर विकून आलेल्या पैशातली दोन नाणी दाराबाहेर गरिबासाठी ठेवतो आणि मी जेवताना-झोपताना तो माझ्यासाठी प्रार्थना करतो, असे तो म्हणाला. वारकऱ्यांच्या अखंड हरिनाम सप्ताहातही हीच अडचण अशीच सोडवलेली आहे. सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही आणि पहारा बदलला की ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते.

पालख्या पुण्यात येतात, तेव्हा तुकोबांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबापाशी आणि माउलींची भवानी पेठेतल्या पालखी विठोबापाशी मुक्काम करते. त्या वाटेवर चालणे हीच उपासना असते, ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे कुणी विचारत नाही. पण ‘स्वकर्म’ या शब्दातली एक अडचण या परंपरेच्या इतिहासातच उघडी आहे. ज्ञानेश्वरीतले स्वकर्म हे वर्णानुसार वाट्याला आलेले कर्म आहे आणि काहींच्या वाट्याला आलेले काम त्यांनी निवडलेले नव्हते. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबत असताना भिंत कोसळून त्याखाली गेले, ते साल १३३८ मानले जाते. ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलाचे नाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी खूण नामदेवांनी धरली, असे परंपरा सांगते. कामात आणि मरणातही ज्यांचे नाम अखंड असल्याची ग्वाही खुद्द नामदेवांनी दिली, त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर झाली. त्यांच्या समाजाला ते दार ओलांडता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले.