पोडियमवरच्या फोटोसाठी बाटली भरलेलीच का मागतो?

लाकडी घाण्याचं तेल, मध, सरबत, काढा असा काचेच्या बाटलीतला माल बाजारात आणताना लाँचची हिरो इमेज करून घ्यायला लातूर, धाराशिव, बीड, नांदेडकडचे बरेच उत्पादक आमच्याकडे येतात. पोडियम, मागे कमान, बाजूला गोळा किंवा पायऱ्या हा सेट कसा दिसतो हे बहुतेकांना माहीत असतं. फोनवर मात्र एक प्रश्न हमखास येतो: "रिकामी बाटली पाठवली तर चालेल ना? वाटेत तेल सांडायला नको."

पारदर्शक बाटली असेल तर चालत नाही. नुसतं लेबल दिसायला हवं असतं तर चाललं असतं, पण हा सगळा सेट तुमच्या बाटलीतूनही दिसतो.

रिकाम्या बाटलीतून मागची वस्तू जवळपास जशीच्या तशी दिसते. तेल भरलं की तीच गोल बाटली भिंगासारखी वागते. मागे पाच-सहा सेंटीमीटरपेक्षा लांब असलेली वस्तू तिच्यातून उलटी दिसते, म्हणजे डावीकडची उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे. शिवाय मागचा बराच रुंद भाग त्या अरुंद काचेत दाबून बसतो. त्यामुळे फ्रेमच्या बाहेर ठेवलेला गडद बोर्डसुद्धा तेलात काळ्या पट्टीसारखा उतरू शकतो.

करडई तेलाच्या एका लाँचचं काम पाहा. अर्ध्या लिटरची बाटली, साधारण 8 सेंटीमीटर रुंद आणि 27 सेंटीमीटर उंच. ग्राहकाने रिकामी बाटली पाठवली आणि भरलेली शूटच्या दिवशी आणतो म्हणाले. रिकाम्या बाटलीवर ठरलेला सेट असा होता: 12 सेंटीमीटर व्यासाचा क्रीम रंगाचा पोडियम, मागे गडद मरून कमान, डावीकडे मागे विटकरी गोळा. दिसायला सुरेख. भरलेली बाटली ठेवली तेव्हा तेलाच्या उजव्या भागात, लेबलच्या वर, विटकरी डाग उमटला. मरून कमानीमुळे सोनेरी तेल काळपट, जुनं झाल्यासारखं दिसू लागलं. मागचं लेबलही आरपार दिसून चौकोनी सावली पडली. ग्राहकाला वाटलं लाईट कमी आहे. लाईट वाढवल्यावर फक्त काच चमकली, तेल तसंच राहिलं.

तेल उजळतं ते मागून. त्यासाठी बाटलीच्या आकारात, पण तिच्यापेक्षा थोडा अरुंद कापलेला पांढरा किंवा सोनेरी कार्ड बाटलीच्या लगेच मागे उभा करतो आणि बाजूने त्यावर छोटा लाईट टाकतो. इतक्या जवळचं कार्ड तेलातून मोठं दिसतं, बाटलीचा मधला भाग भरून टाकतं आणि मागची कमान झाकली जाते. कडांना गडद रेघ राहते, तीच बाटलीला उठाव देते. पण हे कार्ड उभं राहायला पोडियमवर जागा लागते, आणि 12 सेंटीमीटरच्या पोडियमवर ती नव्हती. 18 सेंटीमीटरचा नवा पोडियम करून, त्यावर लांबी भरून घासून, मॅट रंगाचे हात देऊन वाळेपर्यंत शूट पुढे गेलं. ग्राहकाची लाँचची तारीख त्यामुळे अडचणीत आली.

"बाटली वेगळी काढा आणि पोडियम नंतर कॉम्प्युटरवर मागे लावा," असंही काही जण सुचवतात. स्टीलच्या डब्याला किंवा पुठ्ठ्याच्या खोक्याला आम्ही ते करतो आणि पैसेही कमी घेतो. तेलाच्या बाटलीला नाही. तिच्या आत आणि बुडाशी आजूबाजूच्या रंगांची छटा असते, पोडियमवर तेलातून गाळून आलेला सोनेरी उजेड पडतो. तो नसला की बाटली चिकटवलेली दिसते, आणि महाग मालाच्या फोटोत ते लगेच डोळ्यात खुपतं.

म्हणून सेट ठरवण्याआधी दोन भरलेल्या बाटल्या द्या: एक पूर्ण लेबलची, दुसरी मागचं लेबल न लावलेली. तेल विक्रीच्याच घाण्याचं आणि गाळलेलं असावं, आणि मानेपर्यंत भरावं. पाणी भरून पाठवू नका, कारण पाणी आणि तेल उजेडाला सारखं वळवत नाहीत. झाकणावर टेप लावून, बबल रॅपमध्ये गुंडाळून, खोक्यावर वरची बाजू लिहून एसटी पार्सलने पाठवली तरी चालते. प्रवासात हललेलं तेल आम्ही रात्रभर उभं ठेवतो, म्हणजे बुडबुडे जातात आणि गाळ खाली बसतो. त्यामुळे बाटल्या शूटच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचायला हव्यात.

तुमची बाटली 8 सेंटीमीटरपर्यंत रुंद असेल तर बहुधा नवा पोडियम करावा लागणार नाही. 18 आणि 22 सेंटीमीटरचे गोल पोडियम, कमानी आणि गोळे क्रीम, मातकट आणि फिकट हिरव्या रंगात आमच्याकडे तयार आहेत, आणि ते वापरण्याचे वेगळे पैसे घेत नाही. लेबलच्या रंगाचाच पोडियम हवा असेल तर रंगाचा खर्च तेवढा लागेल, आणि वाळायला दोन दिवस धरा.