तिसऱ्या सौद्याला क्वांटिटी दुप्पट का होते?

दिवसातला सगळ्यात महागडा सौदा बहुतेक वेळा पहिला नसतो. लागोपाठ दोन स्टॉपलॉस उडाल्यावर, दोन-चार मिनिटांच्या आत घेतलेला तिसरा सौदा महागात पडतो. त्याला रिव्हेंज ट्रेडिंग म्हणतात. नावात सूड असला तरी आत बरीचशी भीती असते: आजचा दिवस लाल आकड्यावर संपेल याची भीती.

एक हिशोब मांडून बघू. खात्यात १,००,००० आहेत आणि एका सौद्यात १ टक्का, म्हणजे १,००० पर्यंत तोटा सोसायचा असं ठरलेलं आहे. शेअरचा भाव ५००, स्टॉपलॉस ४९० ला. भावातलं अंतर १०, म्हणून क्वांटिटी १००. इथपर्यंत सगळं शिस्तीत. पहिला सौदा स्टॉपलॉसला गेला, दुसराही गेला. दिवसाचा तोटा २,०००.

आता भाव पुन्हा ५०० वर आला. या वेळी ब्रोकरचं थोडं मार्जिन वापरून २०० शेअर घेतले, कारण डोक्यातला हिशोब बदलला: नुसते १० वर गेले की सगळा लॉस निघतो. भाव ४९० ला आला तेव्हा स्टॉपलॉस ४८० वर सरकवला. तिथेही भाव आला, ४,००० गेले, एकूण ६,०००. मग ४८० ला ४०० शेअर. एवढे पैसे खात्यात नाहीत, म्हणून पुन्हा मार्जिन, तेही बरंच जास्त. १५ वर गेले असते तर दिवस बरोबरीत सुटला असता, पण भाव १० खाली गेला. आणखी ४,००० गेले आणि दिवसाचा एकूण तोटा १०,००० झाला.

हेच चार सौदे १०० च्या क्वांटिटीने आणि १० च्या स्टॉपलॉसने झाले असते, तर चारही चुकूनसुद्धा तोटा ४,००० च असता. उरलेले ६,००० बाजाराने नेलेले नाहीत. ते क्वांटिटीने आणि सरकवलेल्या स्टॉपलॉसने नेले. या दोन चुकांच्या मुळाशी दोन वेगळ्या भावना आहेत. क्वांटिटी वाढवते ती एका फटक्यात सगळं परत मिळवण्याची हाव. स्टॉपलॉस सरकवते ती तोटा पक्का होण्याची भीती.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याचं मूळ दाखवून दिलं. माणूस नफा-तोटा एकूण संपत्तीवर मोजत नाही, एका ठरावीक खुणेपासून मोजतो. खुणेच्या वर असताना तो सहसा जपून वागतो, खाली गेला की खुणेपर्यंत परत नेणारा जुगार त्याला आवडू लागतो. डे ट्रेडरची ती खूण म्हणजे सकाळचं शून्य. खात्यात ९८,००० शिल्लक आहेत हे त्याला दिसत नाही, ‘आजचे उणे २,०००’ तेवढे दिसतात. हे फक्त नवख्यांचं होतं असंही नाही. जोशुआ कोव्हल आणि टायलर शमवे या संशोधकांनी शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडवरच्या व्यावसायिक ट्रेडर्सचे सौदे तपासले, तेव्हा सकाळी तोट्यात गेलेले लोक दुपारी नेहमीपेक्षा जास्त जोखीम घेताना आढळले.

यातली एक बारीक गोष्ट उपयोगाची आहे. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स इमास यांनी २०१६ मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की तोटा फक्त कागदावर असेल तर माणूस पुढे जास्त जोखीम घेतो, पण हरलेले पैसे खरोखर हातातून काढून घेतले की तो जपून खेळतो. खातं मनात बंद झालं की परतफेडीची ओढ कमी होते. ट्रेडिंग अ‍ॅपवर हे खातं बंदच होत नाही, असं मला वाटतं. सौदा संपतो, पण दिवसाचा लाल आकडा डोळ्यांसमोर हलत राहतो. म्हणून पहिला उपाय अगदी साधा: दिवसाचा नफा-तोटा दाखवणारा रकाना झाकून टाकायचा आणि सौदा संपला की तोटा वहीत लिहून त्याखाली रेघ मारायची.

ओव्हरट्रेडिंगचं नुकसान मात्र असं धाडकन दिसत नाही. समजा, १०० पैकी ४५ सौदे जिंकतात, जिंकल्यावर १,५०० मिळतात आणि हरल्यावर १,००० जातात. सरासरी काढली तर सौद्यामागे १२५ सुटतात. ब्रोकरेज, कर आणि भावातली घसट मिळून ५० गेले की उरले ७५. दिवसाला असे चार नेमके सौदे म्हणजे सरासरी ३००. त्यात संधी हुकेल या धास्तीने किंवा नुसत्या कंटाळ्यापोटी आणखी आठ घेतले, ज्यांत ना नफ्याचा कल ना तोट्याचा, तरी खर्चाचे ४०० जाणारच. पद्धत चांगली असूनही दिवसाची सरासरी उणे १०० वर येते. वरचा १०,००० चा खड्डा याच ७५ च्या गतीने भरायचा तर १३४ सौदे, म्हणजे रोज चार धरले तर ३४ दिवस लागतील.

आपल्याला ही सवय आहे का, हे मनाला विचारू नये; ते सोयीचं उत्तर देतं. ब्रोकरकडून ट्रेडबुक उतरवून घ्यावं आणि दोनच गोष्टी बघाव्यात. तोट्याचा सौदा संपल्यापासून पुढची एन्ट्री किती मिनिटांनी झाली आणि त्या एन्ट्रीची क्वांटिटी किती होती. नफ्यानंतरच्या सौद्यांचेही हेच दोन आकडे काढून शेजारी ठेवावेत. नफ्यानंतर २५ मिनिटं थांबणारा हात तोट्यानंतर ३ मिनिटांत बटणावर जात असेल, तर निदान झालं.

उपायांमध्ये दिवसाच्या तोट्याची मर्यादा सगळ्यात कामाची, पण ती बहुतेक जण चुकीच्या आकड्यावर लावतात. ५५ टक्के सौदे हरणाऱ्या पद्धतीत दिवसाचे पहिले तिन्ही सौदे हरण्याची शक्यता जवळपास १७ टक्के आहे, म्हणजे साधारण दर सहा दिवसांतून एकदा. तीन सौद्यांच्या तोट्याएवढी, इथे ३,००० ची मर्यादा असेल, तर तो दिवस नेहमीचाच मानून उठता येतं. मर्यादा १,५०० वर ठेवली तर दुसऱ्याच स्टॉपलॉसला ती ओलांडली जाते. असं वरचेवर झालं की वैतागून माणूस ती काढूनच टाकतो.

शिवाय मर्यादा वहीत असून भागत नाही, कारण ती मोडायची वेळ आणि ती पाळणाऱ्याची सगळ्यात वाईट मनःस्थिती एकाच वेळी येतात. काही ब्रोकरांच्या अ‍ॅपमध्ये दिवसभरासाठी ट्रेडिंग बंद करण्याची सोय असते, ती वापरावी. ती नसेल तर खात्यात रोजच्या गरजेपुरतेच पैसे ठेवावेत आणि जादा मार्जिन बंद करून घ्यावं. वरच्या उदाहरणातला ४०० शेअरचा सौदा मार्जिनशिवाय झालाच नसता. स्टॉपलॉसची ऑर्डर एन्ट्रीबरोबरच सिस्टीममध्ये टाकावी, मनात ठेवू नये. अर्थात भाव उडी मारून खाली उघडला तर तीही ४९० ऐवजी ४८५ ला भरली जाऊ शकते, म्हणून १ टक्का ही जोखीम अंदाजाची असते, हमीची नसते.

नियम नीट चालतो आहे का, हे एका दिवसावरून ठरवू नये. २० सौद्यांचा एक गठ्ठा धरावा. अगदी निम्मे सौदे जिंकणाऱ्या पद्धतीतही २० सौद्यांत लागोपाठ चार तोटे कुठेतरी येण्याची शक्यता सुमारे ४८ टक्के असते. गठ्ठा संपेपर्यंत क्वांटिटी १ टक्क्याच्या हिशोबाबाहेर वाढवायची नाही. विसाव्या सौद्यानंतर प्रत्येक नोंदीपुढे एवढंच लिहायचं, की एन्ट्री ठरलेल्या कारणाने होती की नव्हती, आणि बिनकारणाच्या सौद्यांची बेरीज वेगळी मांडायची.